प्रोग्रेसिव्ह चष्मा घेताय? आधी नंबरचा कागद नीट वाचा

साध्या वाचायच्या चष्म्यात पाव नंबर इकडचा तिकडे झाला, तर माणूस पुस्तक जरा पुढे-मागे धरतो आणि काम भागवतो. प्रोग्रेसिव्हमध्ये ही सोय नाही. त्या काचेत वरच्या भागात लांबचा नंबर असतो, तळाशी जवळचा, आणि दोन्हींच्या मध्ये नंबर हळूहळू वाढत जाणारी एक अरुंद वाट असते. तिला कॉरिडॉर म्हणतात. कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना, खाली-खाली, थोडं धूसर राहणारच. ते काचेच्या घडणीतच आहे. ही वाट कुठे पडणार आणि किती रुंद राहणार हे कागदावरच्या मोजक्या आकड्यांवर ठरतं. पैसे मोजण्याआधी ते आकडे स्वतःला वाचता यायला हवेत, कारण कागद आणि काच यांच्यामध्ये दोन-तीन जणांचे हात लागतात आणि प्रत्येक ठिकाणी एखादा आकडा निसटू शकतो.

आधी कागद कोणता आहे ते बघा

तपासणीला गेल्यावर हनुवटी टेकवून एका मशीनमध्ये बघायला लावतात. त्यातून किराणा दुकानाच्या बिलासारखी छोटी पट्टी निघते. ती पट्टी म्हणजे तुमचा नंबर नव्हे. मशीनने केलेला तो पहिला अंदाज असतो. त्यावरून तपासणारा सुरुवात करतो, मग ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत "आधीचं बरं की हे?" असं विचारून खरा नंबर ठरवतो. शिबिरात किंवा गर्दीच्या वेळी नुसती ही पट्टी हातात पडते, आणि तिच्यावर लांबचे आकडे असल्यामुळे ती पुरेशी वाटते. त्यावर जवळचा नंबर नेहमीच्या मशीनने काढलेला नसतो. अशा पट्टीवरून प्रोग्रेसिव्हची ऑर्डर देऊ नका.

खरा कागद म्हणजे ज्यावर उजवा आणि डावा डोळा वेगळा लिहिला आहे, प्रत्येकासमोर स्फेरिकल, सिलिंडर आणि ॲक्सिस असे तीन रकाने आहेत, आणि खाली ॲड किंवा जवळच्या नंबरची वेगळी ओळ आहे. उजव्यासाठी 'आरई' किंवा 'ओडी' आणि डाव्यासाठी 'एलई' किंवा 'ओएस' अशी इंग्रजी अक्षरं असतात. स्फेरिकलच्या रकान्यावर 'एसपीएच', सिलिंडरवर 'सीवायएल' लिहिलेलं असतं. शेजारी ६/६ किंवा एन-६ दिसलं तर तो काचेचा नंबर नाही. त्या काचेतून तुम्ही तक्त्यावरची कोणती ओळ वाचलीत त्याची ती नोंद आहे. पण ती असणं चांगलं. एन-६ लिहिलेलं असेल तर निदान जवळचं खरोखर तपासलं गेलं, एवढं कळतं.

एक कागद घेऊन बसू

लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानावर हिशोब सांभाळणारे एक ५२ वर्षांचे गृहस्थ आहेत, असं समजा. त्यांना तीन अंतरांवर बघायचं असतं: समोरच्या काट्यावरचा वजनाचा आकडा, टेबलावरचा कॉम्प्युटर, आणि हातातली शेतकऱ्याची हिशोबपट्टी. आतापर्यंत ते वाचायचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून वरून काटा बघायचे. आता प्रोग्रेसिव्ह घ्यायचं ठरलं. लांबचा नंबर त्यांनी डॉक्टरांकडे काढला, जवळचा दुकानात. दोन कागदांवर असं आहे:

लांबचा, उजवा: ०.०० / +०.७५ × १८०
लांबचा, डावा: +०.७५ / +०.५० × १७०

जवळचा, उजवा: +२.७५ / −०.७५ × ९०
जवळचा, डावा: +३.२५ / −०.५० × ८०

पहिला आकडा स्फेरिकल, तिरप्या रेघेनंतरचा सिलिंडर, गुणिल्याच्या खुणेनंतरचा ॲक्सिस. हे दोन कागद शेजारी ठेवले की वाटतं, कुणीतरी चुकलंय. एकाकडे सिलिंडर अधिक, दुसऱ्याकडे वजा. ॲक्सिस तर पूर्ण वेगळे. प्रत्यक्षात दोघंही बरोबर आहेत. घोटाळा होतो तो हे दोन कागद एकत्र करताना, आणि तो नेमका प्रोग्रेसिव्हच्या सगळ्यात नाजूक आकड्यात उतरतो. तिथवर एकेक आकडा बघत जाऊ.

स्फेरिकल: चिन्ह आणि दशांश

स्फेरिकल म्हणजे ज्याला आपण बोलताना नुसतं 'नंबर' म्हणतो तो. अधिक म्हणजे काच मध्ये जाड, वजा म्हणजे कडेला जाड. मोजमापाचं एकक डायॉप्टर, आणि त्याचा हिशोब सोपा आहे: १०० सेंटिमीटरला नंबराने भागा, म्हणजे ती काच किती अंतरावर किरण एकत्र आणते ते निघतं. +२.०० म्हणजे ५० सेंटिमीटर, +२.५० म्हणजे ४० सेंटिमीटर. हा भागाकार लक्षात ठेवा, ॲडच्या वेळी लागेल.

नंबर पाव-पावच्या टप्प्याने लिहितात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. काही जण दशांशचिन्ह न देता ७५ किंवा १५० असं लिहितात, त्याचा अर्थ ०.७५ आणि १.५०. शून्य नंबराला 'प्लेन' किंवा 'प्लॅनो' म्हणतात, कधी नुसतं 'पीएल' लिहिलेलं असतं. रकाना रिकामा असेल तर तो शून्य आहे की लिहायचा राहिला हे विचारा. चिन्हाकडे तर डोळ्यात तेल घालून बघा. +०.७५ च्या जागी −०.७५ झालं तर चूक पाऊण नंबराची होत नाही, दीड नंबराची होते.

सिलिंडर आणि ॲक्सिस: नंबर किती, आणि कोणत्या दिशेने

बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा सगळीकडे सारखा गोल नसेल, एका दिशेला जास्त वळलेला असेल, तर एकच स्फेरिकल नंबर पुरत नाही. दोन दिशांना दोन वेगळे नंबर लागतात. त्या दोन नंबरांमधला फरक म्हणजे सिलिंडर, आणि दिशा सांगतो तो ॲक्सिस. ॲक्सिस हा नंबर नसून कोन आहे. कंपासपेटीतला अर्धगोल कोनमापक डोळ्यासमोर धरावा तसा तो १ ते १८० अंशांत मोजतात: १८० म्हणजे आडवा, ९० म्हणजे सरळ उभा. ९० पेक्षा १८० 'जास्त' नाही, आणि ॲक्सिस ८० चा १७० झाला म्हणून डोळा बिघडला असंही नाही.

आता आडतवाल्यांचा उजवा डोळा. दुकानाचा कागद वाचू, पण त्यातली जवळची भर बाजूला ठेवून; म्हणजे लांबचा नंबर +०.७५ / −०.७५ × ९० असं समजू. ॲक्सिस ९०, म्हणजे उभी दिशा. ॲक्सिसच्या दिशेला सिलिंडरचं बळ लागू होत नाही, तिथे फक्त स्फेरिकल राहतो: +०.७५. त्याच्या काटकोनात, आडव्या दिशेला, सिलिंडर पूर्ण लागू होतो: +०.७५ मधून ०.७५ गेले, शून्य. म्हणजे काच उभ्या दिशेला +०.७५ आणि आडव्या दिशेला ०.००. आता डॉक्टरांचा कागद: ०.०० / +०.७५ × १८०. ॲक्सिस आडवा, तिथे ०.००. काटकोनात उभ्या दिशेला +०.७५ ची भर, म्हणजे +०.७५. काच तीच निघाली, लिहायची पद्धत फक्त वेगळी.

एका पद्धतीतून दुसरीत जायचं असेल तर तीन गोष्टी करायच्या. स्फेरिकल आणि सिलिंडर यांची चिन्हासकट बेरीज करा, तो नवा स्फेरिकल. सिलिंडरचं चिन्ह उलटं करा. ॲक्सिस ९० किंवा त्याहून कमी असेल तर ९० मिळवा, जास्त असेल तर ९० वजा करा. डाव्या डोळ्याचं +०.७५ / +०.५० × १७० घ्या: बेरीज +१.२५, सिलिंडर −०.५०, ॲक्सिस ८०. म्हणजे +१.२५ / −०.५० × ८०. जुना आणि नवा कागद बघून नंबर वाढल्याचा धसका घेण्याआधी हे गणित करा. सिलिंडरचं चिन्ह उलटं आणि ॲक्सिसमध्ये बरोबर ९० चा फरक दिसला, तर बहुतेक वेळा बदललेली असते ती लिहिण्याची रीत.

ॲक्सिस चुकला तर किती बिघडतं, हे सिलिंडरवर अवलंबून आहे. काच १० अंशांनी फिरली तर सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश भाग दुरुस्त न होता उरतो. ३० अंशांनी फिरली तर जेवढा सिलिंडर होता जवळजवळ तेवढाच नव्या दिशेला उभा राहतो, म्हणजे दिलेल्या सिलिंडरचा फायदाच उरत नाही. आडतवाल्यांच्या ०.७५ सिलिंडरला १० अंशांच्या चुकीने पाव नंबराचा धूसरपणा येईल. २.०० सिलिंडर असलेल्याला तीच चूक ०.७० च्या आसपास पडेल, आणि त्याला काट्यावरचा ३ आणि ८ एकसारखा दिसेल.

ही चूक बहुधा हस्ताक्षरातून येते. अंशाचं छोटं शून्य वर काढलेलं असेल तर १८ चं १८० वाचलं जातं, १० चं १००. म्हणून ॲक्सिस तीन आकड्यांत आणि अंशाच्या खुणेशिवाय लिहून मागा: ०८०, ०१०, १७०. आणि सिलिंडर लिहिलाय पण ॲक्सिस नाही, असा कागद अर्धवट आहे. त्यावरून काच बनूच शकत नाही. कुणी बनवून देतो म्हणाला तर त्याने तो कोन कुठून आणला हे विचारा.

ॲड: खरी गफलत इथे होते

चाळिशीनंतर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग कडक होत जातं आणि जवळचं बघण्यासाठी फुगायचं त्याचं बळ कमी होतं. ती कमी भरून काढायला लांबच्या नंबरात जेवढा अधिकचा आकडा मिळवायचा, तो ॲड. ॲड नेहमी अधिकच असतो. तो फक्त स्फेरिकलमध्ये मिळवतात. सिलिंडर आणि ॲक्सिस तसेच राहतात. लांबचा −३.०० असलेल्याला +२.०० ॲड दिला तर जवळचा नंबर −१.०० होतो. चिन्ह वजाच राहिलं म्हणून ॲड दिलाच नाही, असं होत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच कागदांवर ॲड लिहिलेलाच नसतो. लांबची ओळ आणि जवळची ओळ असते, आणि जवळच्या ओळीत बेरीज झालेला तयार नंबर असतो. प्रोग्रेसिव्हची ऑर्डर मात्र लांबचा नंबर आणि ॲड अशीच जाते. म्हणजे कुणीतरी वजाबाकी करावी लागते: जवळचा स्फेरिकल वजा लांबचा स्फेरिकल.

आपल्या दोन कागदांवरून घाईत वजाबाकी केली तर उजव्या डोळ्याचा ॲड निघतो +२.७५ वजा ०.००, म्हणजे +२.७५. डाव्याचा +३.२५ वजा +०.७५, म्हणजे +२.५०. दोन्ही चुकीचे. कारण लांबचा कागद अधिक सिलिंडरच्या रीतीचा आणि जवळचा वजा सिलिंडरच्या. आधी दोन्ही एका रीतीत आणायचे: लांबचा उजवा +०.७५ / −०.७५ × ९०, डावा +१.२५ / −०.५० × ८०. आता वजाबाकी करा: उजवा +२.७५ वजा +०.७५, डावा +३.२५ वजा +१.२५. दोन्ही डोळ्यांना +२.००. हा खरा ॲड.

घाईच्या वजाबाकीत चूक आहे हे ओळखायला दोन खुणा होत्या. एक म्हणजे दोन डोळ्यांचे ॲड वेगळे निघाले. नैसर्गिक भिंग दोन्ही डोळ्यांत बरोबरच कडक होत जातं, त्यामुळे ॲड सहसा सारखाच असतो. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय असं काही ठोस कारण नसेल, तर वेगवेगळा ॲड दिसला की थांबून विचारायचं. दुसरी खूण वयाची. चाळिशीच्या सुरुवातीला ॲड +१.०० च्या आसपास असतो, पन्नाशीच्या आगेमागे +१.७५ ते +२.००, आणि साठीनंतर साधारण +२.५० ला स्थिरावतो. ५२ व्या वर्षी +२.७५ दिसला तर कुठेतरी आकडा घसरलाय, असंच धरून चाला. काही वेळा तर वजाबाकीच होत नाही. जवळच्या ओळीतला तयार नंबरच ॲड म्हणून लिहिला जातो. ऑर्डरच्या कागदावर डाव्यापुढे ॲड +३.२५ दिसला तर हेच झालेलं असतं.

तुमचं अंतर किती, ते तुम्हीच सांगा

ॲड वयाच्या तक्त्यावरून ठरवू नये. तो तुम्ही किती लांबून वाचता त्यावर ठरतो. हिशोबपट्टी ४० सेंटिमीटरवर धरायची तर २.५० ची गरज. बावन्नाव्या वर्षी डोळ्यात स्वतःचं एखादा डायॉप्टर बळ शिल्लक असतं. त्यातलं निम्मं वापरात धरतात, म्हणजे दिवसभर ताण येत नाही. २.५० मधून ०.५० गेले, ॲड +२.००. हाच माणूस रोजमेळ टेबलावर ठेवून ५० सेंटिमीटरवरून वाचत असेल तर गरज २.०० ची, आणि ॲड +१.५० पुरतो. उंच माणसाला, हात लांब असलेल्याला, शिवणयंत्रावर बसणाऱ्याला पुस्तकी ४० सेंटिमीटर लागू पडत नाही. तपासणीला जाताना घरी एकदा टेपने मोजून जा: तुम्ही मोबाइल किती लांब धरता, स्क्रीन किती लांब आहे. ट्रायल फ्रेममध्ये जवळची काच घालून झाल्यावर त्याच अंतरावर कागद धरून बघायचा हट्ट धरा. "बारीक अक्षरं दिसतायत ना?" एवढ्यावर समाधान मानू नका. जास्त ॲडमध्येही बारीक अक्षरं दिसतात, झकास दिसतात, फक्त कागद नाकाजवळ आणावा लागतो.

+२.०० ॲडमध्ये आडतवाल्यांना तळाच्या भागातून साधारण ३३ ते ५० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसेल. चुकून +२.७५ पडला तर ही हद्द २७ ते ३६ सेंटिमीटरवर सरकते, आणि हिशोबपट्टी तोंडाजवळ धरून बसावं लागतं.

पण खरा तोटा बाजूला होतो. प्रोग्रेसिव्ह काचेचा एक नियम आहे, आणि कितीही महाग काच घेतली तरी तो चुकवता येत नाही: कॉरिडॉरमध्ये नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या साधारण दुप्पट वेगाने बाजूला नको असलेला सिलिंडर तयार होतो. जर्मन शास्त्रज्ञ मिंकविट्झ यांनी १९६० च्या दशकात हे गणिताने मांडलं. कॉरिडॉर १४ मिलिमीटरचा आणि ॲड +२.०० असेल, तर दर मिलिमीटरला नंबर सरासरी ०.१४ ने वाढतो, आणि मध्यरेषेपासून बाजूला प्रत्येक मिलिमीटरला जवळजवळ ०.२८ चा धूसरपणा येतो. अर्ध्या नंबरापर्यंतचा धूसरपणा चालवून घेतला, तर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना मिळून साडेतीन मिलिमीटरची वाट मिळते. ॲड +२.७५ केला की तीच वाट अडीच मिलिमीटरवर येते. चांगल्या डिझाइनची काच हा धूसरपणा कुठे ढकलायचा ते ठरवते, तो नाहीसा करत नाही. "पुढच्या दोन वर्षांची सोय म्हणून आत्ताच पाव नंबर जास्त देतो" हा सल्ला म्हणूनच प्रोग्रेसिव्हच्या बाबतीत वाईट आहे. पुढची ही सोय आज वाट अरुंद करून मिळते.

बारीक, कमी उंचीची फ्रेम घेतली तर कॉरिडॉरही आखूड घ्यावा लागतो, नंबर आणखी वेगाने वाढतो, आणि वाट आणखी निमुळती होते. पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह घेत असाल आणि कॉम्प्युटरचं काम असेल, तर काचेची उभी उंची ३० मिलिमीटरच्या आसपास असलेली फ्रेम निवडा.

कागदावर नसलेले दोन आकडे

साडेतीन मिलिमीटरची वाट बुबुळाच्या बरोबर समोर यायची असेल तर बुबुळं कुठे आहेत ते मिलिमीटरमध्ये मोजावं लागतं. याला पीडी म्हणतात, आणि प्रोग्रेसिव्हसाठी तो नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचा वेगळा लागतो. एकूण पीडी ६२ आला म्हणून ३१-३१ अशी वाटणी करून चालत नाही. आडतवाल्यांचा प्रत्यक्षात उजवा ३२.५ आणि डावा २९.५ असेल, तर अर्ध्या वाटणीने प्रत्येक डोळ्याला दीड मिलिमीटरची चूक होते. वाटेची अर्धी रुंदी पावणेदोन मिलिमीटर. त्यातली दीड गेली. मग कॉम्प्युटर बघताना मान वळवून-वळवून स्पष्ट जागा शोधत बसावं लागतं.

दुसरा आकडा उंचीचा: बुबुळाच्या मध्यापासून खाली काचेच्या तळाच्या कडेपर्यंत. क्रम महत्त्वाचा आहे. आधी तुमची निवडलेली फ्रेम तुमच्या नाकाकानावर नीट बसवून घ्यायची, नोजपॅड वाकवून, काड्या सारख्या करून. मग मोजणाऱ्याने तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर समोर बसायचं, आणि फ्रेममधल्या नमुन्याच्या प्लॅस्टिकवर पेनाने बुबुळासमोर खूण करायची. तुम्ही सवयीप्रमाणे सरळ बघायचं, फोटोला बसल्यासारखं ताठ होऊ नका. नेहमीच्या कॉरिडॉरला ही उंची १८ मिलिमीटर किंवा जास्त लागते. फ्रेम काउंटरवर ठेवूनच कुणी पट्टीने उंची मोजत असेल तर ती उंची फ्रेमची झाली, तुमच्या डोळ्याची नाही.

ऑर्डरच्या कागदावर शेवटी असं दिसायला हवं: दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर एकाच रीतीत, ॲड +२.००, पीडी ३२.५ आणि २९.५, उंची समजा १९ आणि १८.५. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तपासणी कधी करू नये

मधुमेह असेल आणि साखर वर-खाली होत असेल, तर डोळ्यातलं भिंग पाणी धरतं-सोडतं आणि नंबर त्याच्याबरोबर हलतो. साखर बरीच वाढलेली असताना काढलेला नंबर ती आटोक्यात आल्यावर लागू पडत नाही. नवीन औषधं सुरू झाली असतील तर काही आठवडे साखर स्थिर होऊ द्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही डॉक्टर सांगतील तेव्हाच, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, नंबर काढतात. आणि साठीनंतर एखाद्याला अचानक जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागलं, तर पेढे वाटण्याआधी डोळे दाखवा. मोतीबिंदू वाढताना नंबर वजाकडे सरकतो, त्याचं ते लक्षण असू शकतं.

काच आल्यावर

नव्या काचेवर शाईच्या खुणा असतात. त्या पुसू देऊ नका. खुणांसकट चष्मा घाला आणि समोर बघा. अधिकची छोटी खूण दोन्ही बुबुळांच्या बरोबर समोर यायला हवी. मग काच उजेडाकडे तिरकी धरून हलका श्वास सोडा. दोन बारीक कोरलेल्या खुणा दिसतील, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली ॲड कोरलेला असतो: २० किंवा २.००. तिथे २७ दिसलं, तर चष्मा तिथेच परत करा. काचेच्या पाकिटावरचा नंबर कागदापेक्षा एखाद्या दशांशाने वेगळा दिसला तर लगेच भांडू नका. महागातल्या काचांमध्ये फ्रेमच्या तिरपेपणाचा हिशोब धरून नंबर थोडा बदलतात, आणि पाकिटावर दोन्ही आकडे छापतात.

पहिले काही दिवस पायऱ्या उतरताना जमीन हलल्यासारखी वाटते, बाजूचं वाकडं दिसतं. दुचाकी चालवायची घाई करू नका. हे साधारण दोन आठवड्यांत निवळतं. पण काही तक्रारी सवयीने जात नाहीत. लांबचं बघताना हनुवटी खाली केली की स्पष्ट होतं, तर काच वर बसली आहे. वाचताना हनुवटी उचलावी लागते किंवा बोटाने चष्मा वर सरकवावा लागतो, तर ती खाली बसली आहे. कागद एका बाजूला धरला की चांगलं दिसतं, तर पीडी बघा. सगळं दिसतं पण कागद फार जवळ आणावा लागतो आणि स्क्रीन धूसर, तर ॲड जास्त पडला. एक डोळा झाकून दुसऱ्याने वरच्या भागातून लांबची पाटी बघा, आणि चष्मा किंचित फिरवा. फिरवल्यावर पाटी जास्त ठळक झाली, तर ॲक्सिसमध्ये गडबड आहे.

यांतली कुठलीही तक्रार घेऊन जाण्याआधी चष्मा टेबलावर उलटा ठेवून बघा. एक काडी वर राहत असेल तर फ्रेमच वाकली आहे. वाकलेल्या फ्रेमने ॲक्सिसही फिरतो आणि उंचीही बदलते, आणि ती सरळ करून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. फ्रेम सरळ असूनही तक्रार राहिली, तर दुकानात खुणा पुन्हा काढून घ्या. काचेत कोरलेल्या त्या दोन बारीक खुणांवरून शाईच्या खुणा कधीही परत काढता येतात. ऑर्डरचा फोटो समोर धरून एकेक आकडा जुळवायचा: नंबर लेन्सोमीटर या काचेचा नंबर मोजणाऱ्या मशीनवर, ॲड कोरीव खुणेवर, पीडी आणि उंची तुमच्या चेहऱ्यावर. जो आकडा ऑर्डरशी जुळत नाही, ती काच दुकानाने बदलून द्यायची. सगळे आकडे ऑर्डरशी जुळूनही दिसत नसेल, तर नंबर काढणाऱ्याकडे परत जायचं.